स्कूल बसची ट्रिप शीट: रूटनिहाय किलोमीटर, मुलांची संख्या आणि ड्रायव्हरचे पैसे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-चार बस चालवणारे मालक आणि त्यांचा हिशेब बघणारी घरची माणसं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी नाशिकमधला एक नमुना धरला आहे. एकच बस आणि एकच ड्रायव्हर रोज दोन रूट करतात: सकाळच्या सत्रासाठी पाथर्डी फाट्याचा R1 आणि दुपारच्या सत्रासाठी इंदिरानगरचा R3. आकडे नमुन्याचे आहेत. सूत्रं एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हीत चालतात. फक्त `MAXIFS` साठी एक्सेल २०१९ किंवा त्यानंतरचं लागतं.

१. ट्रिप शीटमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक दिवस, एक बस की एक फेरी?

एक फेरी. सकाळी मुलं गोळा करून शाळेत सोडली ही एक ओळ, शाळा सुटल्यावर घरी पोचवली ही दुसरी. बरेच जण दिवसाला एक ओळ ठेवतात आणि तिच्यात सकाळ-दुपार असे वेगवेगळे रकाने करतात. भरायला ते सोपं वाटतं. पण सकाळी एका ड्रायव्हरने आणि दुपारी दुसऱ्याने गाडी चालवली, की पैसे कोणाच्या नावावर घालायचे ते त्या ओळीतून कळत नाही. फेरी हा सगळ्यात लहान तुकडा आहे. तो सुटा ठेवला तर त्यातून रूट, बस, ड्रायव्हर, दिवस असा कोणताही हिशेब काढता येतो. एकदा मिसळलेला आकडा मात्र पुन्हा वेगळा करता येत नाही.

२. कोणते रकाने ठेवायचे?

पहिल्या पानाला `Trips` नाव द्या आणि रकाने या क्रमाने ठेवा: A तारीख, B रूट, C पिकअप किंवा ड्रॉप, D बस, E ड्रायव्हर, F सुरुवातीचं मीटर, G शेवटचं मीटर, H किलोमीटर, I मुलं, J प्रकार, K ड्रायव्हरची रक्कम, L जादा रक्कम, M शेरा. यातले H आणि K सूत्राने भरतात, बाकीचे हाताने. J मध्ये तीनच शब्द चालू द्या: नियमित, रद्द, अर्धवट.

```
H2:  =IF(OR(F2="",G2=""),"",G2-F2)
K2:  =IF(OR(E2="",J2="रद्द"),0,VLOOKUP(E2,Drivers!A:D,4,FALSE))
```

`Drivers` हे दुसरं पान. तिथे A मध्ये ड्रायव्हरचा कोड, B मध्ये महिन्याचा पगार, C मध्ये त्याच्या फेऱ्या आणि D मध्ये फेरीमागची रक्कम. त्याचा तपशील प्रश्न ७ मध्ये आहे.

महिन्याला एक फाइल करा. वर्षभराचं एकाच पानावर ठेवलं तर प्रत्येक सूत्रात तारखेची अट घालावी लागते, आणि ती एका जागी राहून गेली तरी जुलैच्या पगारात जूनच्या फेऱ्या शिरतात.

३. महिन्याअखेर रूटनिहाय गोषवारा कसा काढायचा?

`Summary` नावाचं तिसरं पान करा. A मध्ये रूटचे कोड एकाखाली एक लिहा आणि दुसऱ्या ओळीत ही सूत्रं टाकून खाली ओढा:

```
B2 फेऱ्या:      =COUNTIFS(Trips!B:B,A2,Trips!I:I,">=0")
C2 किलोमीटर:   =SUMIFS(Trips!H:H,Trips!B:B,A2)
D2 पिकअप मुलं:  =AVERAGEIFS(Trips!I:I,Trips!B:B,A2,Trips!C:C,"पिकअप")
E2 ड्रॉप मुलं:   =AVERAGEIFS(Trips!I:I,Trips!B:B,A2,Trips!C:C,"ड्रॉप")
F2 कमाल मुलं:   =MAXIFS(Trips!I:I,Trips!B:B,A2)
G2 पैसे:        =SUMIFS(Trips!K:K,Trips!B:B,A2)+SUMIFS(Trips!L:L,Trips!B:B,A2)
```

किलोमीटर आणि पैसे यांना बेरीज आहे, मुलांना सरासरी आणि कमाल आहे, हे लक्षात ठेवा. हा गोषवारा चुकतो तो बहुतेक वेळा याच एका ठिकाणी, कारण शेजारशेजारचे तिन्ही रकाने आकड्यांचे दिसतात आणि हात आपोआप बेरजेकडे जातो. मुलांच्या बेरजेचं काय होतं ते प्रश्न ५ मध्ये पाहा.

पिव्होट टेबल वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मुलांचा रकाना तिथे ओढला की आधी बेरीज किंवा मोजणी येते. ती बदलून सरासरी करा आणि पिकअप-ड्रॉप हे आडव्या रकान्यांत घ्या.

४. किलोमीटर मीटरवरून घ्यायचे, नकाशावरून की जीपीएसवरून?

गाडीच्या मीटरवरून. नकाशा रस्त्याची लांबी सांगतो. खोदकामामुळे घेतलेला वळसा किंवा विसरलेल्या मुलासाठी मागे वळवलेली गाडी त्यात दिसत नाही. डिझेल आणि सर्व्हिसिंगचा हिशेबही शेवटी मीटरवरच होतो. जीपीएस असेल तर तो पडताळ्यासाठी ठेवा. दोघांत थोडा फरक कायम राहणार, पण तो रोज साधारण सारखा असला पाहिजे. एखाद्याच दिवशी फरक एकदम वाढला, तर त्या दिवसाची मीटरची नोंद तपासा.

मीटर कुठे वाचायचं, हेही ठरवून घ्या. पिकअपला पहिल्या थांब्यावर एकदा आणि शाळेच्या फाटकाशी एकदा. ड्रॉपला फाटकाशी आणि शेवटच्या थांब्यावर. ड्रायव्हर घरून निघतानाचा आकडा लिहायला लागला, की ज्याचं घर लांब त्याचा रूट लांब दिसतो. आकडा सांगण्यापेक्षा मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा. ४८२१० आणि ४८२०१ मधली गल्लत फोटोत लगेच सापडते.

मधलं रिकामं पळणं कोणत्याच फेरीत येत नाही, म्हणून ते बसनिहाय वेगळं काढा. आपल्या नमुन्यात महिन्याच्या सुरुवातीला मीटर ४८,२१० आणि शेवटी ४९,८६० होतं. बस पळाली १,६५० किलोमीटर. R1 च्या फेऱ्या ७५२ आणि R3 च्या ४३२, मिळून १,१८४. उरलेले ४६६ किलोमीटर रिकामे. शाळेचे दिवस २४, म्हणजे रोजचे साधारण १९. बस उभी राहते तिथून पहिला थांबा, दोन रूटमधली ये-जा आणि रात्रीचा परतीचा रस्ता यांची बेरीज तेवढीच होत असेल तर हिशेब जुळला. दुसऱ्या एखाद्या महिन्यात हाच आकडा ७०० झाला, तर काही फेऱ्या लिहायच्या राहिल्या आहेत किंवा बस शाळेशिवाय दुसरीकडे गेली आहे. रिकामे किलोमीटर ओढून-ताणून रूटवर वाटू नका. गोषवाऱ्याच्या तळाशी स्वतंत्र ओळीत दाखवा.

५. सकाळी ३१ मुलं आणि दुपारी २८, मग रूटवर मुलं किती? ५९ लिहू का?

नाही. बहुतेक तीच मुलं दोनदा मोजली गेली आहेत. R1 वर नोंदणी ३४ मुलांची आहे. पिकअपला सरासरी ३१ येतात, कारण रोज दोन-तीन गैरहजर असतात. ड्रॉपला २८, कारण काहींना आई-बाबा परस्पर क्लासला घेऊन जातात. हे तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिघांचं काम वेगळं आहे. फीचा हिशेब नोंदणीच्या ३४ वर होतो. बस किती भरते हे दोन सरासऱ्या सांगतात. आणि आसनं पुरतात का, याचं उत्तर कमाल आकड्यात आहे. परवान्यावरच्या आसनसंख्येशी ताडून पाहायचा तो `Summary` मधला F रकाना. सरासरी ३१ असूनही परीक्षेच्या दिवशी ३४ च्या ३४ मुलं चढतात, आणि बस त्याही दिवशी नियमात असावी लागते.

ड्रॉपला मुलं शाळेच्या फाटकाशी चढताना मोजा. शेवटच्या थांब्यावर मोजली तर बस रिकामीच असणार. ही मोजणी बसमध्ये मुलांसोबत असणाऱ्या ताईंकडे द्या. ड्रायव्हरचं लक्ष तेव्हा आरशात असलं पाहिजे.

सगळ्या रूटची मिळून सरासरी हवी असेल, तर रूटच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नका. ज्या रूटला फेऱ्या कमी, त्याचं वजन त्यात उगाच वाढतं. ती थेट `Trips` वरून काढा.

६. फेरी रद्द झाली तर मुलांच्या रकान्यात शून्य लिहायचं का?

रकाना रिकामा सोडा आणि J मध्ये रद्द लिहा. `AVERAGEIFS` रिकामी चौकट सोडून देतं, पण शून्य मोजतं. आपल्या नमुन्यात पावसामुळे शाळा लवकर सोडली, पालकांनी मुलं परस्पर नेली आणि R1 चा एक ड्रॉप रद्द झाला. २३ ड्रॉपची सरासरी २८ आहे. तिथे शून्य लिहिलं असतं तर २४ ने भागून ती २६.८ दिसली असती, म्हणजे रूटवरचं एखादं मूल कमी झाल्यासारखं वाटलं असतं.

बस थांब्यांवर फिरली आणि एकही मूल आलं नाही, तर मात्र शून्यच लिहायचं. ती फेरी झाली, डिझेल जळलं, ड्रायव्हरने काम केलं. प्रश्न ३ मधलं फेऱ्यांचं सूत्र हाच फरक धरून चालतं: आकडा असेल, भले शून्य असो, तर फेरी झाली; रिकामं असेल तर नाही.

७. ड्रायव्हर महिन्याच्या पगारावर आहे आणि दोन रूट करतो. त्याचा पगार रूटवर कसा वाटायचा?

पगार फेऱ्यांवर वाटा. `Drivers` पानावर पगारी ड्रायव्हरसाठी ही दोन सूत्रं घाला:

```
C2:  =COUNTIFS(Trips!E:E,A2,Trips!J:J,"<>रद्द")
D2:  =IF(C2=0,0,B2/C2)
```

नमुन्यातल्या ड्रायव्हरचा कोड D1 आणि त्याचा पगार १८,२०० रुपये. त्याने R1 च्या ४५ आणि R3 च्या ४६, एकूण ९१ फेऱ्या केल्या. फेरीमागे २०० रुपये पडले. R1 वर ९,००० आणि R3 वर ९,२०० आले. महिना संपेपर्यंत D रकान्यातला आकडा रोज कमी होत जातो, ते बघून घाबरू नका. फेऱ्या वाढतात तसा पगार जास्त फेऱ्यांत वाटला जातो. शेवटची फेरी भरल्यावरचा आकडा खरा.

किलोमीटरवर का वाटू नये, हा प्रश्न हमखास येतो. करून बघा. R1 ची फेरी १६ किलोमीटरची, म्हणजे D1 चे ७२०. R3 ची ९ किलोमीटरची, म्हणजे ४१४. या प्रमाणात वाटलं तर R1 वर ११,५५६ आणि R3 वर ६,६४४ रुपये येतात. म्हणजे R3 एकदम स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात इंदिरानगरच्या गल्ल्यांत थांबे जवळजवळ आहेत आणि प्रत्येक थांब्यावर एक लहान मूल हात धरून चढवायचं आहे. ९ किलोमीटरला जवळपास तेवढाच वेळ जातो. ड्रायव्हरचा पगार त्याच्या वेळेचा असतो, आणि किलोमीटरने वाढतं ते डिझेल. म्हणून डिझेल किलोमीटरवर वाटा आणि पगार फेऱ्यांवर. एक रूट पाऊण तासाचा आणि दुसरा पावणेदोन तासांचा असेल तरच मिनिटांवर वाटायचा खटाटोप करा.

हे वाटप मालकाला रूटचा खर्च कळावा म्हणून आहे. ड्रायव्हरच्या हातात ठरलेला पगारच पडतो. त्याला दाखवायच्या पावतीवर फेरीमागचे २०० रुपये आणू नका. नाहीतर फेरी रद्द झाली की आपले २०० गेले, असा त्याचा समज होतो.

८. बदली ड्रायव्हर फेरीवर पैसे घेतो. त्याचं काय?

त्यालाही कोड द्या, समजा D4. `Drivers` पानावर त्याच्या D रकान्यात सूत्राऐवजी ठरलेला दर हाताने लिहा, नमुन्यात २५०. D1 एक दिवस रजेवर होता तेव्हा D4 ने R1 च्या दोन आणि R3 च्या दोन फेऱ्या केल्या. `Trips` मध्ये त्या ओळींवर D4 घातलं की रक्कम आपोआप येते. R1 चे एकूण पैसे ९,५०० आणि R3 चे ९,७०० झाले. मिळून १९,२००, म्हणजे D1 चा पूर्ण पगार आणि D4 चे १,०००.

ती रजा पगारी होती, म्हणून D1 चा पगार कापलेला नाही. बिनपगारी असती तर B रकान्यातला पगार आधी कमी करून घ्यायचा, बाकी सूत्रांना हात लावायचा नाही.

बदली ड्रायव्हर पहाटे येऊन उभा राहिला आणि शाळेने सुट्टी जाहीर केली, तर J मध्ये रद्द लिहिल्यामुळे त्याची रक्कम शून्य होते. त्याला काही द्यायचं ठरलं असेल तर ते L मध्ये लिहा. माझं मत विचाराल तर द्यावंच. त्याचा दिवस आपल्यासाठी अडकलेला असतो, आणि पुढच्या खेपेला पहाटे साडेपाचला फोन उचलणारा माणूस आपल्याला हवा असतो.

९. ड्रायव्हरने घेतलेली उचल याच शीटमध्ये वजा करायची का?

नाही. उचल हा रूटचा खर्च नाही, आधी दिलेला पगार आहे. ती K किंवा L मध्ये उणे लिहिली तर ज्या दिवशी उचल घेतली त्या दिवसाचा रूट फुकटात चाललेला दिसतो. `Drivers` पानावर E मध्ये उचल आणि F मध्ये हातात द्यायची रक्कम ठेवा. डिझेल, पंक्चर, टोल यांचे पैसे ड्रायव्हरने खिशातून भरले असतील तर त्यांचीही वही वेगळी. L मध्ये फक्त त्याच्या कामाचा मोबदला जातो, जसं सहलीची जादा फेरी किंवा स्नेहसंमेलनाला रात्री उशिरापर्यंत थांबणं.

१०. बस मध्येच बंद पडली आणि दुसऱ्या बसने मुलं पोचवली. ही फेरी एक की दोन?

ओळी दोन, फेरी एक. समजा R1 च्या पिकअपला १९ मुलं चढल्यावर बस अंबडजवळ बंद पडली. दुसरी बस आली, तिने ही १९ घेतली, पुढच्या थांब्यांवरची १२ घेतली आणि ३१ मुलं शाळेत सोडली. पहिल्या ओळीत त्या बसचं मीटर, प्रकार अर्धवट आणि मुलांचा रकाना रिकामा. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या बसचं मीटर, तिचा ड्रायव्हर आणि मुलं ३१. म्हणजे किलोमीटर दोन्ही बसचे धरले जातात, मुलं एकदाच मोजली जातात आणि प्रश्न ३ मधल्या सूत्राने फेरी एकच मोजली जाते. पैसे मात्र दोन्ही ड्रायव्हरच्या नावावर येतात, आणि ते तसंच यायला हवं.

१९ हा आकडा शेऱ्यात आवर्जून लिहा. रस्त्यावर मुलं एका बसमधून दुसरीत चढवली जातात तेव्हा उतरलेली १९ आणि चढलेली १९ ताईंनी मोजून जुळवायची असतात, आणि ती मोजणी झाली याची नोंद हाच शेरा.

११. मीटर बिघडलं किंवा बदललं तर?

मीटर बंद असताना F आणि G रिकामे ठेवा. H मध्ये त्याच रूटच्या, त्याच प्रकारच्या आधीच्या फेरीचा आकडा हाताने लिहा आणि शेऱ्यात अंदाज असं नोंदवा. F-G मध्ये खोटे आकडे रचू नका, पुढचा पडताळा त्यावर उभा असतो.

नवं मीटर बसलं की त्याचे आकडे जसेच्या तसे लिहायला सुरुवात करा. फेरीची सुरुवात आणि शेवट दोन्ही नव्या मीटरवर असल्याने वजाबाकी बरोबरच येते. फक्त प्रश्न ४ मधला बसचा महिन्याचा हिशेब दोन तुकड्यांत करावा लागतो: जुनं मीटर बंद पडेपर्यंतचा आणि नवं बसल्यापासूनचा.

१२. महिन्याच्या मध्यात रूटला नवी सोसायटी जोडली. जुनाच कोड चालेल का?

एखादा थांबा वाढला आणि किलोमीटर फारसे हलले नाहीत तर चालेल. पण १६ ची फेरी १९ किलोमीटरची झाली, तर त्या दिवसापासून R1A असा नवा कोड द्या. एकाच कोडखाली ठेवलं तर महिन्याची सरासरी ना जुन्या रूटची राहते ना नव्याची, आणि सोसायटी जोडल्याने खर्च किती वाढला हे कळत नाही. ते कळल्याशिवाय नव्या पालकांना फी सांगू नये.

१३. गोषवाऱ्यातली बेरीज मूळ शीटशी जुळत नाही. चूक कुठे शोधायची?

बहुतेक वेळा रूटच्या कोडात. `R1` आणि शेवटी चुकून स्पेस पडलेला `R1 ` डोळ्यांना सारखेच दिसतात, सूत्राला नाही. म्हणून रूट, ड्रायव्हर, पिकअप-ड्रॉप आणि प्रकार हे चारही रकाने डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन करून टाका. आकडे 123 अशा अंकांतच भरा. मराठी कीबोर्डवरून आलेला आकडा सूत्राला मजकूर वाटू शकतो. मजकूर झालेला आकडा चौकटीत डावीकडे चिकटतो आणि खरा आकडा उजवीकडे राहतो, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

गोषवाऱ्याच्या तळाशी ही चौकट कायमची ठेवा:

```
=SUM(Trips!H:H)-SUM(C2:C10)
```

उत्तर शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर जो आकडा उरला तेवढ्या किलोमीटरची फेरी शोधा. १६ उरले तर R1 ची एक ओळ वेगळ्या कोडाखाली अडकली आहे.

१४. शाळेने हिशेब मागितला तर हाच गोषवारा द्यायचा का?

पैशांचा रकाना काढून द्या. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. समितीला रूट, फेऱ्या, पिकअप-ड्रॉपची सरासरी आणि कमाल मुलं एवढं पुरतं. रद्द आणि अर्धवट फेऱ्यांची यादी शेऱ्यांसकट सोबत जोडा, कारण बैठकीत पालक विचारतात ते नेमक्या त्याच दिवसांबद्दल. ड्रायव्हरला किती पैसे मिळतात हा मालक आणि ड्रायव्हर यांच्यातला विषय आहे. मुलांची नावं तर या फाइलमध्ये कुठेच नकोत. थांब्यानुसार नावांची यादी ताईंकडच्या वहीत असते, ती तिथेच राहू द्या.

फाइल पाठवताना रकाना नुसता लपवू नका, समोरचा तो एका क्लिकमध्ये उघडू शकतो. `Summary` ची पीडीएफ करून पाठवा.